दीड पानातली एक ओळ

ताई, पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला बारा वर्षं होतील. माझे मिस्टर एसटीत ड्रायव्हर आहेत आणि नेमकी त्या दिवशी त्यांना मुक्कामाची गाडी आहे, म्हणजे ते घरी नसणार. रात्री जेवण झालं की ते फोन बघतात, तेव्हा माझा मेसेज मिळावा असं वाटतं. दरवर्षी मी ग्रुपवर आलेला फुलांचा फोटोवाला मेसेज पुढे पाठवते, ते अंगठा पाठवतात. या वर्षी स्वतःचं लिहायचं ठरवलं. लिहायला बसले तर दीड पान झालं. लहान करायला गेले तर फिरून तेच ‘सुखदुःखात साथ’. आमच्यात प्रेमाबिमाचं बोलणं कधी झालेलं नाही. मी त्यांना अहो म्हणते. ते फार वाचत नाहीत, आणि मुक्कामाच्या गावात रेंजही धड नसते. लिहिलेलं दीड पान सोबत पाठवते. त्यातलं काय ठेवू?
– एक वाचक, जि. सातारा

तुम्ही ते दीड पान पाठवलंत हे फार बरं केलंत. नुसतं पत्र आलं असतं तर मला अंदाजाने काहीतरी सुचवावं लागलं असतं, आणि माझ्या अंदाजाने लिहिलेला मेसेज तुमच्या मिस्टरांना पहिल्याच शब्दात परका वाटला असता. पान दोनदा वाचलं. तुमचा मेसेज त्यात लिहून तयार आहे. शेवटाकडे, घाईत, एका ओळीत तुम्ही लिहिलं आहे: ‘गणपतीच्या आधी ब्लाउजची कामं साठली होती तेव्हा दोन रात्री त्यांनी हूक लावून दिले, कुणाला सांगू नको म्हणाले, नशीब एकही परत आला नाही.’ तेवढं ठेवा. बाकीचं दीड पान या मेसेजपुरतं बाजूला काढा.

तुम्हाला हे पटायला जड जाईल, कारण त्या पानावर याहून कितीतरी मोठ्या गोष्टी आहेत. सासूबाईंच्या आजारपणात त्यांनी ड्युट्या बदलून घेतल्या, रात्री दवाखान्यात बसले. तुमच्या शिलाई मशीनचे हप्ते स्वतःचा ओव्हरटाइम घालून फेडले. त्यापुढे हूक म्हणजे काय, असं मनात येणारच. पण मोठ्या गोष्टींची मेसेजमध्ये एक अडचण होते. आजारपणाबद्दल लिहायचं तर काय झालं होतं, किती दिवस, कोण कसं वागलं, हे सगळं मागोमाग येतं, आणि ते दोन ओळींत मावत नाही म्हणून आपण त्यावर एक मोठा शब्द झाकण म्हणून ठेवतो: ‘खंबीर साथ’, ‘आधारवड’, ‘पाठीशी उभे’. तुमचं लहान करताना ‘सुखदुःखात साथ’ परत परत येत होतं, त्याचं कारण हेच आहे. तुम्हाला लिहिता येत नाही असं मुळीच नाही. बारा वर्षांचं सगळं एका वाक्यात घ्यायचं म्हटलं की कुणाच्याही हातून तेच वाक्य उतरतं. शिवाय दवाखान्याची ती रात्र त्यांनाही आठवेल, आणि दिवसभर गाडी चालवून दमलेल्या माणसाला ती आठवण जेवणानंतर आपण का द्यावी? हप्त्यांचं तर लिहूच नका. लग्नाच्या वाढदिवशी नवऱ्याचे पैसे मोजले की आभार मानले तरी हिशोब केल्यासारखं होतं.

हुकाची गोष्ट मात्र आपोआप लहान आहे. तिला सुरुवात, मध्य, शेवट सांगावा लागत नाही, कारण तिथे तुम्ही दोघंच होतात. आणि ती दुसऱ्या कुणाची होऊच शकत नाही. मेसेज लिहून झाला की एवढं तपासा: हाच मजकूर तुमच्या जाऊबाईंनी त्यांच्या नवऱ्याला पाठवला तर चालेल का? ‘तुमच्या साथीने आयुष्य फुललं’ हे चालेल. ‘माझ्या प्रत्येक स्वप्नाला तुम्ही बळ दिलंत’ हेही चालेल. एसटीच्या ड्रायव्हरने गौरी-गणपतीच्या तोंडावर रात्री बसून ब्लाउजना हूक लावले, हे जाऊबाईंना पाठवता येणार नाही.

ग्रुपवरून फिरणाऱ्या मेसेजना मी नावं ठेवत नाही. तयार मजकुराची सोय आपल्याकडे फार जुनी आहे. तारेच्या काळात सणासुदीच्या आणि लग्नाच्या शुभेच्छांची ठरलेली वाक्यं होती आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक होता. पोस्टात जाऊन क्रमांक सांगायचा, पलीकडच्या गावात त्या क्रमांकाचं वाक्य कागदावर उमटायचं. त्याला कारण होतं. तारेला शब्दागणिक पैसे पडत, आणि लग्नघरी आलेली तार दहा जणांच्या हातातून फिरत असे, त्यामुळे ती सगळ्यांना चालेल अशी असावी लागे. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. तुमचा मेसेज दहा जणांच्या हातात जायचा नाही, शब्दाला पैसे पडायचे नाहीत. मग सगळ्यांना चालेल असं वाक्य वापरायची गरज कुठे उरते?

आता प्रत्यक्ष लिहू या. तुमच्या ओळीवरून सरळ लिहायला घेतलं तर पहिला मसुदा बहुतेक असा होईल:

‘अहो, गणपतीच्या वेळी माझी खूप कामं साठली होती तेव्हा तुम्ही ड्युटीवरून दमून आलात तरीसुद्धा रात्री जागून मला हूक लावून दिलेत. तुम्ही नेहमीच माझ्या पाठीशी खंबीरपणे उभे राहता, त्याबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे. लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’

यात खोटं काही नाही. तरी हे वाचताना त्यांचा डोळा तिसऱ्या-चौथ्या शब्दानंतर सरकेल, कारण पहिलं अख्खं वाक्य त्यांना माहीत असलेलं आहे. कामं साठली होती हे त्यांनी पाहिलं, दमून आले ते स्वतःच आले, जागले तेही स्वतःच. ज्याने केलं त्यालाच आपण काय झालं ते सांगतो आहोत. ‘खंबीरपणे’ आणि ‘मनापासून आभारी’ हे तुम्ही त्यांच्याशी कधी बोलत नाही. निरोप समारंभात किंवा अर्जाच्या तळाला शोभणारे शब्द आहेत ते. आणि शेवटची शुभेच्छा तर दोघांचाही वाढदिवस असताना एकाने दुसऱ्याला देण्यासारखी नाहीच. शुभेच्छा बाहेरचे लोक देतात. तुम्ही त्या लग्नाच्या आतल्या आहात.

हे सगळं काढलं तर काय उरतं? ‘तुम्ही हूक लावून दिलेत.’ बरोबर आहे, पण अजून मेसेज झालेला नाही. इथे जे घालायचं ते तुमच्याच ओळीच्या शेपटाला आहे: ‘एकही परत आला नाही.’ हे त्यांना माहीत नाही. त्यांनी हूक लावले, सकाळी उठून डेपोला गेले. पुढे बायका ब्लाउज घेऊन गेल्या, गौरी जेवल्या, महिना गेला, आणि हूक निघाला म्हणून एकही बाई तुमच्या दारात आली नाही, हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या धंद्यात याचा अर्थ काय हे मी तुम्हाला सांगायला नको. हूक एकाच टाक्यात अडकवला तर तो दुसऱ्याच नेसणीला ओढ बसून निघतो. दोन्ही डोळ्यांतून आणि वर नाकाशी टाके घेऊन, दोरा आत दाबून गाठ मारली तरच टिकतो. ज्या माणसाने आयुष्यात सुई धरली नव्हती त्याने ते नीट शिकून घेतलं. ‘परत आला नाही’ या तीन शब्दांत त्यांच्या हाताचं कौतुक पूर्ण आहे, आणि कौतुकाचा एकही शब्द न वापरता आहे.

माझं या विषयावर म्हणणं असेल तर ते एवढंच. नवरा-बायकोने एकमेकांना लिहायचं ते त्याने किंवा तिने केलेल्या एका गोष्टीबद्दल, आणि त्यातला तो भाग लिहायचा जो समोरच्याला दिसलेला नाही. केलेली गोष्ट त्याला ठाऊक असते. ती तुमच्यापर्यंत पोचल्यावर पुढे काय झालं ते ठाऊक नसतं. तुमच्या घरात तर असे न दिसलेले भाग पुष्कळ असणार, कारण आठवड्यातल्या काही रात्री ते दुसऱ्याच गावात असतात.

एकाच घरात रोज राहणाऱ्यांनाही हे जमतं. गेल्या वर्षी एका वाचकाने बायकोसाठी काय लिहू म्हणून विचारलं होतं. ‘तुझ्याशिवाय घराला घरपण नाही’ एवढंच त्याला सुचत होतं. ती माहेरी गेल्यावर घरात नेमकं काय बदलतं, असं विचारल्यावर थोड्या संकोचाने त्याने सांगितलं, आणि त्याचाच मेसेज झाला: ‘तू माहेरी गेलीस की मी तुझ्या जागेवर झोपतो.’ ती घरात असताना हे तिला कधीच दिसलं नसतं. त्याला यापुढे एक शब्द जोडावा लागला नाही.

तर तुमचा दुसरा मसुदा असा:

‘अहो, गणपतीत तुम्ही हूक लावलेला एकही ब्लाउज परत आलेला नाही. कोणी लावले ते मी कुणाला सांगत नाही. बारा वर्षं झाली आज.’

पहिल्या वाक्यात त्यांना नवीन असलेली बातमी आहे. दुसऱ्या वाक्यात तुम्ही त्यांचा शब्द पाळल्याचं आहे. ‘कुणाला सांगू नको’ असं ते म्हणाले होते आणि तुम्ही सांगितलेलं नाही. तिसऱ्यात आजचा दिवस कोणता ते आहे, शुभेच्छा न देता. मला हा मसुदा जवळजवळ पक्का वाटला होता. मग मुक्कामाच्या गाडीचं लक्षात आलं. मुक्कामाला ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघं एकत्र असतात. गाडीतच सीटवर अंथरूण टाकतात किंवा गावाने दिलेल्या खोलीत शेजारी शेजारी झोपतात. फोन उशाशी असतो, मेसेज आला की पडदा उजळतो आणि पहिली ओळ कुलूप न उघडताही दिसते. तुमच्याच पानावर लिहिलं आहे की कंडक्टरभाऊंना कळलं तर डेपोभर चिडवतील म्हणून ते कुणाला सांगू देत नव्हते. म्हणजे सांगत नाही असं लिहिलेला हाच मेसेज सगळं सांगून टाकील.

म्हणून हूक आणि ‘तुम्ही’ हे दोन्ही काढू या:

‘अहो, गणपतीतला एकही ब्लाउज परत आलेला नाही. हात कोणाचा लागला ते मी कुणाला सांगत नाही. बारा वर्षं झाली.’

हा मेसेज कंडक्टरभाऊंनी वाचला तर त्यांना वाटेल वहिनींच्या शिलाईच्या धंद्याचं काहीतरी आहे. तुमच्या मिस्टरांना त्या दोन रात्री आठवतील, दिव्याखाली सुईत दोरा ओवताना डोळे बारीक केलेले आठवतील, आणि हात कोणाचा हे वाचून ते मान दुसरीकडे वळवतील. आधीच्यापेक्षा हा मजकूर लहान झाला आणि जास्त तुमच्या दोघांचा झाला. लग्नात तुम्ही उखाणा घेतला असेल. त्यातली पहिली ओळ बहुतेक वेळा कुणाचीही असते, महादेवाची पिंडी, चांदीचं ताट, तुळशीवृंदावन. दुसऱ्या ओळीत नाव आलं की तो उखाणा तुमचा होतो. इथे तुम्ही नाव घेत नाही आहात. नावाचं काम तो ब्लाउज करतो आहे, म्हणून त्याच्या जागी ‘काम’ किंवा ‘मदत’ असा मोघम शब्द घालू नका.

लहान किती, याचं उत्तर तुमच्या बाबतीत रेंजवर ठरतं. व्हॉट्सअॅपला इंटरनेट लागतं. जिथे फोनवर एखादी काडी कशीबशी येते तिथे ते गोल गोल फिरत राहतं, पण साधा एसएमएस तेवढ्या काडीवरही पोचतो. फोन रेंजबाहेर असला तर कंपनीच्या यंत्रणेत थांबून राहतो आणि रेंज मिळाली की येतो. एसएमएसची १६० अक्षरांची मर्यादा १९८० च्या दशकात ठरली. फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्यांनी टाइपरायटरवर मनात येतील ती साधी वाक्यं टाइप करून त्यांतली अक्षरं मोजली होती, आणि माणसाचं एक वेळचं म्हणणं बहुधा तेवढ्यात बसतं असं त्यांना दिसलं. पण ते १६० रोमन लिपीचं गणित आहे. देवनागरीत एका एसएमएसला ७० अक्षरं मिळतात, आणि आपली काना-मात्रा-वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, मधली मोकळी जागा, प्रत्येक वेगळं मोजलं जातं. ‘तुम्ही’ आपल्याला दोन अक्षरं वाटतात, फोन ती सहा मोजतो. सत्तरच्या वर गेलं की मेसेजचे ६७-६७ चे तुकडे होतात आणि पलीकडचा फोन ते जोडून दाखवतो. रेंज अर्धवट असेल तर एखादा तुकडा मागे राहतो आणि जोडलेला मेसेज उशिरा दिसतो. इमोजी तर मुळीच घालू नका, एक बदाम दोन अक्षरांची जागा खातो आणि साध्या फोनवर चौकोन दिसतो तो वेगळाच.

नुसतं ‘लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढंच ३९ भरतं, निम्म्याहून जास्त जागा. वरचा हुकाचा मसुदा ११४ आहे, त्यानंतरचा नेमका १००. दोन्ही दोन तुकड्यांत जातील. एकाच तुकड्यात हवा असेल तर हा घ्या, ६५ भरतो:

‘अहो, गणपतीतला एकही ब्लाउज परत आलेला नाही. हात कोणाचा, सांगत नाही.’

माझं मत विचाराल तर मी शंभराचाच पाठवेन. ‘बारा वर्षं झाली’ या शब्दांनी त्याला दिवस मिळतो. ते नसले तर तारीख विसरलेल्या माणसाला वाटेल सहज काहीतरी कळवलं. तुमचे मिस्टर तारीख लक्षात ठेवणारे असतील तर पासष्टाचाही पुरेल. ते तुम्ही जाणता, मी नाही. शंभराच्या मसुद्यातून मी ‘आज’ मुद्दाम काढलं, कारण रात्री रेंज आलीच नाही तर मेसेज दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी हलल्यावर पोचेल आणि ‘आज’ चुकीचं ठरेल. ‘बारा वर्षं झाली’ हे पुढच्या दिवशीही बरोबरच राहतं.

पाठवायच्या वेळेबद्दल थोडं. रात्री जेवणानंतर मिळावा म्हणून तुम्ही जेवणाच्या वेळी पाठवायचा विचार करत असाल. त्यापेक्षा थोडा आधी, पण गाडी मुक्कामाला लागल्यावरच पाठवा. गाडी चालू असताना फोन वाजू नये, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. गाडी साधारण किती वाजता पोचते ते तुम्हाला ठाऊक आहे. उशीर गृहीत धरून त्यावर अर्धा तास जाऊ द्या. मजकूर आधीच लिहून मसुद्यात ठेवा, म्हणजे त्या वेळी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि गिऱ्हाईक यांच्या गडबडीत तो नव्याने लिहावा लागणार नाही. घाईत नव्याने लिहिलं की शेवटाला ‘असेच राहा’ किंवा ‘सदैव’ असं काहीतरी चिकटतंच.

अहो म्हणता ते अहोच राहू द्या. मेसेजसाठी म्हणून एकदम ‘तू’वर येणं किंवा त्यांचं नाव घालणं पुष्कळ जणींना सुचतं, फोटोवाल्या मेसेजांत तसं असतं म्हणून. ज्या माणसाला बारा वर्षं अहो ऐकायची सवय आहे त्याला ‘तू’ वाचून मेसेज चुकून आपल्याकडे आला असंच वाटेल. तसंच ‘कुणाला’ तुमच्या तोंडी ‘कोणाला’ असेल तर तसं लिहा, मोजमाप तेवढंच राहतं. एकदा मोठ्याने वाचून बघा. वाचताना तुमचा आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा व्हायला लागला, की तिथला शब्द तुमचा नाही.

आणखी एक खात्री मात्र तुम्हालाच करावी लागेल. तुमच्या ओळीत ‘एकही परत आला नाही’ असं आहे. ते आजही खरं आहे ना, हे पाठवायच्या आधी वहीत बघा किंवा आठवून बघा. मधल्या काळात एखादीचा ब्लाउज आला असेल आणि ते त्यांनी पाहिलं असेल, तर हा मेसेज कौतुकाचा न राहता समजूत काढल्यासारखा होईल. आला असेल पण दुसऱ्या कामासाठी, तर तसंच लिहा: ‘गणपतीतला एकच ब्लाउज परत आला, तोही बाही ढिली करायला.’ हेही तितकंच चांगलं आहे, कदाचित जास्त चांगलं, कारण त्यात तुम्ही तपासून पाहिल्याचं दिसतं. आणि खरोखरच हूक निघून दोन-तीन आले असतील, तर ही गोष्ट सोडा. मग त्या पानावरची दुसरी ओळ घ्या, मुक्कामाहून आले की आधी पिण्याच्या पाण्याचे हंडे भरून ठेवतात आणि मग आंघोळीला जातात, ती. तिथेही तोच प्रश्न स्वतःला विचारा: ते भरून ठेवलेलं पाणी ते परत ड्युटीवर गेल्यावर तुम्हाला किती दिवस पुरतं, संपायला आलं की तुमच्या मनात काय येतं? जे येतं ते लिहा.

उत्तराला अंगठाच येईल असं धरून चाला. तुमच्या दोघांत बोलणं कमी आहे असं तुम्ही लिहिलं आहे, आणि मुक्कामाच्या गावात रात्री कंडक्टरच्या शेजारी बसून कुणी लांबलचक उत्तर टाइप करत नाही. ‘मिळाला का?’, ‘वाचला का?’ असा दुसरा मेसेज मागून पाठवू नका, त्याने पहिल्याचं वजन उतरतं. फोन आला तर नेहमीचंच विचारा, जेवण काय होतं, उद्या किती वाजता सुटणार. मेसेजचा विषय त्यांनी काढला तर बोला. नाही काढला तर तुम्हीही काढू नका; पुढच्या गणपतीत कामं साठतील तेव्हा सुई-दोऱ्याचा डबा तुम्हाला त्यांच्यासमोर नुसता ठेवता येईल.

ते दीड पानही फाडू नका. त्यात सासूबाईंच्या आजारपणाबद्दल लिहिलेलं फार चांगलं आहे, फक्त ते मेसेजमधलं नाही. ते घरी असतील, दोघांनाही दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल, तेव्हा वाचून दाखवता येईल, किंवा पत्र म्हणूनच त्यांच्या हातात देता येईल. त्याला मर्यादा घालायचं काही कारण नाही.

– ताई